‘काका, फ्लॅट सांभाळा आणि विकून टाका’ : परदेशातून असं पत्र आलं की पुढे नेमकं काय करायचं

माझा पुतण्या न्यूजर्सीला असतो, पुतणी नाशिकला आणि मी पुण्यात. दादा २०१९ मध्ये गेला, वहिनी नोव्हेंबर २०२४ मध्ये गेली, आणि कोथरूडचा त्यांचा टू बीएचके फ्लॅट बंद पडला. एप्रिल २०२५ मध्ये पुतण्याचं पत्र आलं, हाताने लिहिलेलं, कुरियरने. त्यातला कामाचा भाग असा होता:

“तीर्थरूप काका, साष्टांग नमस्कार. फ्लॅट आईच्या नावावर होता, आता मी आणि ताई असे दोघंच उरलो. तुम्ही जवळ आहात तर फ्लॅट सांभाळा आणि चांगलं गिऱ्हाईक आलं की माझ्या वतीने विकून टाका. या पत्राने तुम्हाला सगळे अधिकार देतोय. पैसे तुमच्या खात्यात घेऊन ठेवा, मी नंतर बघतो.”

पोराने मनापासून लिहिलं होतं, वाचून डोळ्यात पाणी आलं. पण हे पत्र घेऊन मी ओळखीच्या वकिलांकडे गेलो तर ते म्हणाले, या चार वाक्यांत चार चुका आहेत आणि चारही तुम्हाला निस्तराव्या लागतील. नंतरचे सात महिने मी तेच केलं. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना असं पत्र किंवा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज येतो, म्हणून जे झालं ते क्रमाने सांगतो. एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात ठेवा, सगळं तिच्यावरच चालतं: सही पुण्यातल्या माणसाने केली तरी विकणारा तो परदेशातला मुलगाच असतो. मालकी त्याची बघतात, टॅक्स त्याच्यावर लागतो, पैसे त्याच्याच खात्यात जायला हवेत.

“फ्लॅट आईच्या नावावर होता”

हे वाक्य सगळ्यात साधं वाटतं आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ ह्यानेच खाल्ला.

फ्लॅट दादाने १९९८ मध्ये घेतला होता, एकट्याच्या नावावर. सोसायटीत त्याने वहिनीला नॉमिनी केलं होतं. दादा गेल्यावर सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर वहिनीचं नाव लावलं, मेंटेनन्सचं बिल तिच्या नावाने यायला लागलं आणि आम्ही सगळ्यांनी धरून चाललं की फ्लॅट आता वहिनीचा. तसं नसतं. नॉमिनी म्हणजे सोसायटीने ज्याच्याशी व्यवहार ठेवायचा तो माणूस, मालक कोण हे वारसा कायदा ठरवतो. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ साली कलम १५४ ब-१३ आलं, त्यात तर नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणूनच घ्यायचं लिहिलंय, खरे वारस सभासद होईपर्यंत.

दादाने मृत्युपत्र केलं नव्हतं. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे पुरुष मृत्युपत्राशिवाय गेला की पहिल्या वर्गातले वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई. आई हे नाव बहुतेक लोक विसरतात. आम्ही पण विसरलो होतो. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, “२०१९ मध्ये तुमची आई होती का?” होती ना, आमची आई २०२१ मध्ये गेली. तर ते कागद घेऊन हिशोब मांडायला लागले आणि मी बघतच राहिलो.

दादा गेला त्या दिवशी फ्लॅटचे चार सारखे भाग झाले: वहिनी, पुतण्या, पुतणी आणि माझी आई, प्रत्येकी पाव. मग २०२१ मध्ये आई गेली, तिनेही मृत्युपत्र केलं नव्हतं, बाबा आधीच गेलेले. तिचा पाव हिस्सा तिच्या मुलांकडे गेला, म्हणजे अर्धा माझ्याकडे आणि अर्धा दादाच्या मुलांकडे, कारण आधी गेलेल्या मुलाचा वाटा त्याच्या पोरांना मिळतो. म्हणजे एक अष्टमांश मी, आणि दोघं मुलं प्रत्येकी एक सोळांश. मग २०२४ मध्ये वहिनी गेली, तिचा पाव दोन्ही मुलांना अर्धा अर्धा. सगळं सोळाच्या हिशोबात केलं तर पुतण्या ७, पुतणी ७ आणि मी २.

म्हणजे ज्या फ्लॅटची देखभाल करायला मला सांगितलं होतं त्याच्या सोळा भागांपैकी दोन भागांचा मालक मीच होतो आणि मला पत्ताही नव्हता. माझी सही नसताना दोघांनी फ्लॅट विकला असता तर घेणाऱ्याच्या बँकेच्या वकिलाने तो व्यवहार तिथेच अडवला असता, आणि जर त्याच्याही नजरेतून सुटलं असतं तर दहा वर्षांनी माझ्या मुलांपैकी कुणीतरी उठून हिस्सा मागू शकलं असतं. मला त्यातलं काही नको होतं, दादाच्या कष्टाचं घर ते. पण “मला नको” असं तोंडाने म्हणून चालत नाही, साध्या स्टँपपेपरवर लिहून दिलं तरी चालत नाही. स्थावर मालमत्तेतला हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र करून ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. ते आम्ही केलं, त्यानंतर पुतण्या आणि पुतणी अर्धे अर्धे मालक झाले.

तुमच्याकडे असं पत्र आलं तर गिऱ्हाईक शोधायच्या आधी हा एक कागद करा: मूळ मालक कोण, तो कधी गेला, त्या तारखेला त्याची आई, बायको, मुलं यातलं कोण कोण हयात होतं, मग त्यातलं पुढे कोण कधी गेलं. मृत्यूच्या तारखांचा क्रम महत्त्वाचा आहे, आज कोण उरलंय एवढंच बघून चालत नाही. आमच्याकडे आई दादाच्या आधी गेली असती तर माझा काहीच हिस्सा निघाला नसता. (हा हिशोब हिंदू वारसा कायद्याचा आहे, मुस्लिम किंवा ख्रिश्चन कुटुंबात वाटे वेगळे पडतात.)

हे झाल्यावर सोसायटीचं काम पुढे गेलं. मृत्यूचे दाखले, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, नोंदवलेलं हक्कसोडपत्र हे दिल्यावर सोसायटीने दोन्ही मुलांना सभासद करून घेतलं. वकिलांनी पेपरात जाहीर नोटीसही दिली की कुणाचा हक्क असेल तर पंधरा दिवसांत कळवा. आमच्या घेणाऱ्याच्या बँकेला एवढं पुरलं. काही बँका कोर्टाचा वारस दाखलाच मागतात, तो दिवाणी कोर्टातून काढायचा असतो आणि त्याला महिने जातात, म्हणून घरात मृत्युपत्र नसेल आणि वारस पाच-सहा असतील तर त्याचा अर्ज आधीच टाकलेला बरा.

“फ्लॅट सांभाळा”

सांभाळणं आणि विकणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांना दोन वेगळे कागद लागतात. सांभाळण्यासाठी साधं पत्र चालतं. आम्ही पुतण्याला आणि पुतणीला सांगून सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नावाने एक पत्र घेतलं, दोघांच्या सहीचं, मजकूर साधारण असा:

“आमच्या फ्लॅटची चावी आमचे काका यांच्याकडे राहील. मेंटेनन्स, वीजबिल आणि मालमत्ता कर भरणं, दुरुस्ती करून घेणं, सोसायटीची पत्रं घेणं आणि खरेदीदारांना फ्लॅट दाखवणं एवढी कामं ते आमच्या वतीने करतील. फ्लॅट भाड्याने देणं, विकणं, कोणताही करार करणं किंवा आगाऊ रक्कम घेणं याचा अधिकार या पत्राने दिलेला नाही.”

शेवटचं वाक्य मी आग्रहाने घालायला लावलं. मला पोरांवर अविश्वास नव्हता आणि त्यांना माझ्यावर नव्हता, पण एजंट लोक चावी ज्याच्या हातात त्यालाच टोकन द्यायला बघतात, आणि टोकन घेतलं की व्यवहाराची भाषा सुरू होते. असं लिहिलेलं असलं की तुम्हाला सरळ कागद दाखवून नाही म्हणता येतं.

बंद फ्लॅटचं बाकी काम कष्टाचं नाही पण नियमित पाहिजे. दर पंधरा दिवसांनी जाऊन नळ सोडायचे, संडास बाथरूममध्ये पाणी टाकायचं नाहीतर ट्रॅप सुकून वास आणि झुरळं येतात, पावसाळ्यात खिडक्यांच्या कडा आणि वरच्या मजल्याच्या बाथरूमखालचं छत बघायचं. जुलैमध्ये आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात ओल दिसली ती याच्यामुळेच वेळेत कळली. प्रत्येक खर्चाची पावती फोटो काढून एका ग्रुपमध्ये टाकत गेलो, शेवटी हिशोबाला ते फार उपयोगी पडलं.

भाड्याने द्यायचा विषय निघाला होता, चार महिने रिकामा कशाला म्हणून. मी नको म्हटलं. विकायला काढलेला फ्लॅट रिकामा असला की घेणाऱ्याला भरवसा वाटतो, आणि परदेशातल्या मालकाला भाडं देताना भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो हे बहुतेक भाडेकरूंना माहीतच नसतं.

“माझ्या वतीने विकून टाका, सगळे अधिकार देतोय”

हाताने लिहिलेल्या पत्रावर, ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फ्लॅट विकता येत नाही. त्याला कुलमुखत्यारपत्र लागतं, लोक पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी किंवा नुसतं पीओए म्हणतात. आणि मुलगा परदेशात असेल तर ते कसं व्हायला पाहिजे हे नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ३३ मध्ये लिहिलंय: तो जिथे राहतो तिथल्या नोटरीसमोर, कोर्टासमोर किंवा भारतीय कॉन्सुलेटमधल्या अधिकाऱ्यासमोर सही करून ते प्रमाणित झालेलं असलं पाहिजे. मसुदा इथल्या वकिलाने करायचा, कारण इथल्या दुय्यम निबंधकाला काय लागतं ते त्यालाच माहीत. आम्ही मसुदा मेल केला, पुतण्याने तो साध्या कागदावर छापला, भारतातला स्टँपपेपर तिकडे पाठवायची गरज नसते, तिथल्या नोटरीसमोर सही केली, मग न्यूयॉर्कच्या भारतीय कॉन्सुलेटकडून त्याचं प्रमाणीकरण करून घेतलं आणि मूळ कागद कुरियरने पाठवला. स्कॅन इथे काहीच कामाचा नाही, मूळच लागतो.

इथे दोन गोष्टी बहुतेकांना माहीत नसतात.

पहिली म्हणजे तीन महिन्यांची मुदत. बाहेरच्या देशात केलेला कागद महाराष्ट्रात आला की आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आमचा कागद जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला. मी कुरियरचं पाकीट तसंच ठेवलं, कारण कागद राज्यात कधी आला त्याचा पुरावा तेच. नातेवाईक काय करतात, कागद कपाटात ठेवतात आणि गिऱ्हाईक मिळाल्यावर आठ महिन्यांनी काढतात, मग मुदत गेलेली असते आणि दंडाची वेळ येते किंवा परत सगळं अमेरिकेतून करून आणावं लागतं.

दुसरी म्हणजे कुणाला मुखत्यार नेमायचं. पुतण्याच्या मनात मी होतो. पण मोबदला न घेता फ्लॅट विकण्याचा अधिकार देणाऱ्या मुखत्यारपत्राला महाराष्ट्रात दोन दर आहेत: वडील, आई, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलगी, नातवंडं किंवा ‘असे इतर जवळचे नातेवाईक’ यांना दिलं तर ५०० रुपये, आणि बाहेरच्या कुणाला दिलं तर खरेदीखतासारखंच किमतीवर, म्हणजे आमच्या बाबतीत काही लाखांत. काका हा शब्द त्या यादीत नाही. ‘इतर जवळचे’ मध्ये बसवता येईल, पण ते मुद्रांक कार्यालयात पटवून द्यायचं काम. बहीण मात्र यादीत सरळ आहे. आणि पुतणी स्वतः अर्ध्याची मालक, खरेदीखतावर सही करायला तिला नाशिकहून यायचंच होतं. मग वकिलांनी सुचवलं की विकण्याचा अधिकार बहिणीला द्या आणि सांभाळण्याचं पत्र काकांकडे राहू द्या. मला हे फार पटलं. फ्लॅट दाखवणारा, भाव बोलणारा मी, सही करणारी ती, त्यामुळे कुणा एकाच्या हातात सगळं राहिलं नाही.

आता मुखत्यारपत्रात काय लिहायचं. ‘सगळे अधिकार’ हे शब्द जितके मोठे वाटतात तितके ते कामाचे नसतात. मुखत्यारपत्र वाचताना जे स्पष्ट लिहिलंय तेवढंच धरतात. ‘देखभाल आणि व्यवस्थापनाचे सर्व अधिकार’ लिहिलं तर त्यात विकणं येत नाही. ‘विकण्याचा अधिकार’ लिहिलं आणि ‘दस्त नोंदणीसाठी सादर करणे व कबुलीजबाब देणे’ हे राहून गेलं तर नोंदणीच्या टेबलावर अडतं. आमच्या मसुद्यात फ्लॅटचं पूर्ण वर्णन होतं, काकांचं हक्कसोडपत्र भावाच्या वतीने स्वीकारणं होतं, साठेखत आणि खरेदीखतावर सही, ते सादर करून कबुली देणं, ताबा देणं, सोसायटीचे फॉर्म भरणं होतं. आणि काय नाही तेही लिहिलं होतं: ८० लाखांच्या खाली विकायचं नाही, गहाण किंवा बक्षीस द्यायचं नाही, पुतण्याच्या हिश्शाचे पैसे त्याच्या खात्याशिवाय कुठेही घ्यायचे नाहीत, आणि ३१ मार्च २०२६ नंतर अधिकार संपतो.

मुखत्यारपत्र देणारा ते कधीही रद्द करू शकतो आणि तो माणूस वारला की साधारणपणे ते त्याच दिवशी संपतं. म्हणून नोंदणीच्या वेळी मुखत्याराकडून घोषणापत्र घेतात की देणारा हयात आहे आणि अधिकार रद्द केलेला नाही. पुतणीने त्या दिवशी सकाळी, न्यूजर्सीत रात्र असताना, भावाला व्हिडिओ कॉल केला आणि मगच त्यावर सही केली.

अजून एक, कारण हा प्रकार अजून चालतो. काही एजंट म्हणतात, खरेदीखत कशाला, घेणाऱ्याच्याच नावाने मुखत्यारपत्र करून द्या, पैसे घ्या, मोकळे व्हा. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सूरज लँप प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की अशा मुखत्यारपत्राने मालकी जात नाही. त्याच निकालात हेही सांगितलंय की घरच्या माणसाला खरेदीखत करून देण्यासाठी दिलेलं खरंखुरं मुखत्यारपत्र ठीक आहे. म्हणजे मुखत्यारपत्र फक्त सही करायचा अधिकार देतं, फ्लॅट हस्तांतर होतो तो नोंदवलेल्या खरेदीखतानेच.

“पैसे तुमच्या खात्यात घ्या”

हे मी पहिल्याच फोनवर नाही म्हटलं. त्याचे पैसे माझ्या खात्यात आले तर आयकर खात्याला उत्तर मी द्यायचं, आणि त्याला ते अमेरिकेत न्यायचे झाले की बँक विचारणार की हे वारशाच्या फ्लॅटचे पैसे आहेत याचा माग कुठेय. अनिवासी भारतीयाने वारशाचा फ्लॅट इथल्या माणसाला विकायला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही, पण पैसे त्याच्या एनआरओ खात्यात यावे लागतात. तिथून टॅक्स भरून, सीएचं प्रमाणपत्र जोडून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. पुतण्याचं जुनं साधं बचत खातं तसंच होतं, परदेशात गेल्यावर ते एनआरओ करून घ्यायचं असतं ते त्याने केलंच नव्हतं, ते करण्यात तीन आठवडे गेले.

आता टीडीएस. गडबड सगळ्यात जास्त इथेच होते, कारण घेणाऱ्याला समोर पुण्यातली आणि नाशिकची माणसं दिसतात आणि तो सगळ्यांचा एक टक्का कापून मोकळा होतो. आमचा व्यवहार नोव्हेंबर २०२५ मध्ये ८० लाखांना झाला, दोघांचे ४०-४० लाख. पुतणी इथलीच रहिवासी, तिच्या ४० लाखांवर एक टक्का, ४० हजार कापले, ते बरोबर. पुतण्या अनिवासी, त्याच्या हिश्शाला एक टक्क्याचा नियम लागूच नाही. त्याच्यासाठी साडेबारा टक्के दीर्घकालीन भांडवली नफ्याचा दर आणि त्यावर चार टक्के सेस, म्हणजे १३ टक्के, ४० लाखांवर ५ लाख २० हजार. तो भरण्यासाठी घेणाऱ्याला टॅन नंबर काढावा लागला. आमच्या घेणाऱ्याला त्याच्या बँकेत कुणीतरी सांगितलं होतं की सरसकट एक टक्का कापा. तसं झालं असतं तर कमी कापल्याबद्दल व्याज आणि दंड त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर बसला असता, आणि पुतण्याचे पैसे बाहेर पाठवताना सीए अडला असता. म्हणून साठेखतातच आम्ही लिहून घेतलं की विक्रेता क्रमांक एक अनिवासी आहे आणि त्याच्या हिश्शावर टीडीएस अनिवासी दराने कापला जाईल.

पण खरा टॅक्स पूर्ण रकमेवर नसतो, नफ्यावर असतो. वारशाच्या फ्लॅटला खरेदी किंमत मूळ मालकाची धरतात, आणि तो १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेला असेल तर त्या तारखेची बाजारभावाची किंमत धरता येते, त्यावेळच्या सरकारी मूल्यांकनाच्या मर्यादेत. दादाने १९९८ मध्ये साडेपाच लाखांना घेतला होता, व्हॅल्युअरने २००१ ची किंमत ७ लाख काढून दिली. पुतण्याच्या वाट्याला त्यातले साडेतीन. नफा झाला साडेछत्तीस लाख, त्यावर साडेबारा टक्के ४ लाख ५६ हजार २५० आणि सेस १८ हजार २५०, एकूण ४ लाख ७४ हजार ५००. कापले गेले ५ लाख २० हजार. फरक ४५ हजार ५००, तो रिटर्न भरून परत मागायचा.

आयकर खात्याकडे आधी अर्ज करून कमी टीडीएसचं प्रमाणपत्र घेता येतं, ते घेतलं की हे जास्तीचे कापलेच जात नाहीत. सगळे तोच सल्ला देतात. आम्ही नाही घेतलं. हा सल्ला जुलै २०२४ च्या आधीचा आहे असं माझं मत झालं. तेव्हा दर २० टक्के होता आणि महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून मिळायची, त्यामुळे खरा टॅक्स आणि पूर्ण रकमेवरचा टीडीएस यात लाखोंचं अंतर पडायचं. २३ जुलै २०२४ पासून अनिवासींना दर साडेबारा झाला आणि किंमत वाढवून मिळणं बंद झालं, मग जुन्या स्वस्तातल्या फ्लॅटमध्ये जवळजवळ सगळी किंमतच नफा ठरते आणि अंतर कमी उरतं. ४५ हजारांसाठी गिऱ्हाईकाला दीड-दोन महिने थांबवायला मला बरं वाटेना. पण मुलगा त्या पैशातून भारतात दुसरं घर घेणार असेल किंवा टॅक्स वाचवणाऱ्या बाँडमध्ये टाकणार असेल, किंवा फ्लॅट अलीकडे महागात घेतलेला असेल, तर खरा टॅक्स बराच कमी होतो आणि तेव्हा ते प्रमाणपत्र घ्यायलाच पाहिजे. (एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा आलाय, कलमं आणि फॉर्मचे नंबर बदललेत, म्हणून मी इथे नंबर दिलेच नाहीत, सीएला त्या दिवशीचे विचारा.)

नोंदणीच्या दिवशी पुतणीने दोनदा सह्या केल्या, एकदा स्वतःच्या आणि एकदा भावाची मुखत्यार म्हणून, दोन्हीकडे अंगठे आणि फोटो. बँकेने पैसे दोन वेगळ्या खात्यांत सोडले. सोसायटीने घेणाऱ्याकडून ट्रान्स्फर प्रीमियम ५० हजार मागितला होता, त्याची कमाल मर्यादा २००१ पासून २५ हजार आहे हे सांगितल्यावर २५ घेतले.

दुसऱ्या दिवशी मीटरचं शेवटचं रीडिंग घेतलं, तीन चाव्या आणि मेंटेनन्सच्या पावत्या घेणाऱ्याला दिल्या आणि त्याची सही घेतली. आठ महिन्यांचा खर्च ३८ हजार ६४० निघाला, ओल काढलेली त्यात धरून. तो हिशोब दोघांना पाठवला, मूळ मुखत्यारपत्राची नोंदणीला लावलेली प्रत फाईलला लावली, आणि देवघरातला दादा-वहिनीचा फोटो तेवढा माझ्याकडे आणला, पुतण्या डिसेंबरमध्ये येऊन घेऊन गेला.